विश्लेषण : प्लास्टिकचा लेप दिलेली खडी खरोखर मजबूत होते का?

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एक विषय हमखास दिसतो. खडीवर टाकाऊ प्लास्टिकचा लेप द्यायचा, साधी खडी आणि लेप दिलेली खडी अशा दोन्हींची इम्पॅक्ट टेस्ट आणि अ‍ॅब्रेजन टेस्ट घ्यायची, आकडे शेजारी-शेजारी मांडायचे. लेप दिलेल्या खडीचा आकडा बहुतेक वेळा कमी येतो आणि ‘प्लास्टिकमुळे खडीची ताकद वाढली’ असा निष्कर्ष लिहिला जातो. आकडा कमी येतो हे खरे. पण तो कमी येण्याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यातल्या काहींचा ताकदीशी संबंधच नाही. या चाचण्या नेमके काय मोजतात, तुलना कुठे फसते आणि ती प्रयोगशाळेत कशी सावरायची, हे पाहू.

हे तंत्र आले कुठून?

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत पुढे आणली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पद्धत सोपी आहे. गरम खडीवर प्लास्टिकचे बारीक तुकडे टाकायचे. ते वितळून खडीच्या पृष्ठभागावर पातळ थर धरतात. त्यावर लगेच गरम डांबर ओतायचे. प्लास्टिक डांबरात न मिसळता आधी खडीला लावतात, म्हणून हिला ‘कोरडी पद्धत’ म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये आयआरसी:एसपी:९८ या क्रमांकाने तिची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

या पद्धतीत प्लास्टिकचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के असते. ‘डांबराच्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण पहिली चूक इथेच होते.

प्लास्टिक नेमके किती घालायचे?

एक किलो खडीचा हिशेब करू. रस्त्याच्या मिश्रणात डांबर साधारण ५ टक्के धरले, तर एक किलो खडीला ५० ग्रॅम डांबर लागेल. त्याच्या ८ टक्के म्हणजे ४ ग्रॅम प्लास्टिक. खडीच्या वजनाच्या तुलनेत हे फक्त ०.४ टक्के झाले. चार ग्रॅम म्हणजे दुधाच्या एक-दोन रिकाम्या पिशव्या.

अनेक प्रोजेक्टमध्ये मात्र ८ टक्के हा आकडा तसाच उचलून खडीच्या वजनावर लावला जातो. मग किलोला ४ ऐवजी ८० ग्रॅम प्लास्टिक पडते, म्हणजे हवे त्याच्या वीसपट. अशी खडी कढईतच चिक्कीसारखी एकमेकींना चिकटते. तिची चाचणी घेतली तर आकडा फार छान येतो. पण ती खडी रस्त्यावर कधीच वापरली जाणार नसते.

०.४ टक्क्याचा थर किती जाड असतो, तेही काढता येते. ११ मिलिमीटर व्यासाचा गोल खडा धरा. बेसॉल्टचा असेल तर त्याचे वजन सुमारे २ ग्रॅम आणि पृष्ठभाग जवळपास ३८० चौरस मिलिमीटर. त्याच्या वाट्याला येणारे ८ मिलिग्रॅम प्लास्टिक सर्वत्र सारखे पसरले, तर थर सुमारे २० मायक्रॉनचा होतो. माणसाचा केस याहून जाड असतो. दगडाच्या आतली ताकद एवढ्या थराने बदलत नाही. बदलतो तो फक्त पृष्ठभाग. पुढचे सगळे आकडे वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवायची.

इम्पॅक्ट टेस्ट काय मोजते?

भारतीय मानक आयएस २३८६ च्या चौथ्या भागात ही चाचणी दिली आहे. १२.५ मिलिमीटरच्या चाळणीतून गळलेली आणि १० मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेली कोरडी खडी घ्यायची. ती मापात तीन थरांत भरायची आणि प्रत्येक थर सळईने २५ वेळा ठोकायचा. मापातल्या खडीचे वजन करून ती यंत्राच्या पोलादी कपात टाकायची. मग सुमारे १४ किलोचा हातोडा ३८० मिलिमीटर उंचीवरून १५ वेळा सोडायचा. दोन ठोक्यांत किमान एक सेकंद जाऊ द्यायचा. शेवटी खडी २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची. खाली पडलेल्या चुऱ्याचे वजन भागिले मूळ वजन, गुणिले शंभर, हे झाले आघात मूल्य.

आकडा जितका कमी तितकी खडी चिवट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार बिटुमिनस काँक्रीटच्या वरच्या थरातील खडीसाठी हे मूल्य २४ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

मग ही चाचणी ‘किती दगड फुटला’ हे थेट मोजते का? नाही. ती मोजते ‘किती चुरा चाळणीतून खाली पडला’. साध्या खडीत या दोन गोष्टी जवळपास एकच असतात. प्लास्टिक लावलेल्या खडीत तसे राहत नाही.

चाळणी कुठे फसवते?

हातोडा पडला की लेपाखालचा दगडही फुटतो. पण फुटलेले कण प्लास्टिकच्या पापुद्र्याला चिकटून राहतात. दोन-तीन बारीक कण एकाच पापुद्र्यावर असतील तर त्यांचा गठ्ठा २.३६ मिलिमीटरपेक्षा मोठा होतो आणि चाळणीवरच अडकतो. दगड फुटलेला असतो, हिशेबात मात्र तो शाबूत धरला जातो.

हे ओळखायला महागडे उपकरण लागत नाही. चाळणीवर राहिलेला माल पांढऱ्या कागदावर पसरा आणि भिंगातून पाहा. कडेला चकाकणारा पापुद्रा आणि त्याला लोंबणारे कण दिसतात. ते बोटांनी हलकेच चोळून सुटे करा आणि पुन्हा चाळा. नव्याने पडलेल्या चुऱ्याचे वजन वेगळे लिहा. चोळताना जोर लावून धड खडा फोडायचा नाही. म्हणूनच साध्या खडीचा चाळणीवरचा मालही तसाच, तितकाच वेळ चोळून पाहायचा. तिथे जो थोडा चुरा पडेल तो चोळण्याचा परिणाम समजायचा.

आकड्यांत काय फरक पडतो?

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत, कुठल्या प्रयोगशाळेचे नाहीत. साध्या खडीचे वजन ३३० ग्रॅम, चुरा ५२.८ ग्रॅम, आघात मूल्य १६ टक्के. लेप दिलेल्या खडीचे वजन ३२८ ग्रॅम, चुरा ४१ ग्रॅम, मूल्य १२.५ टक्के. इथे थांबले तर अहवालात लिहिले जाईल, ‘आघात मूल्यात २२ टक्के सुधारणा’.

आता लेप दिलेल्या खडीचे गठ्ठे सुटे करून पुन्हा चाळले. आणखी ६.६ ग्रॅम चुरा पडला. साधी खडी चोळल्यावर काहीच पडले नाही असे धरू. लेप दिलेल्या खडीचा एकूण चुरा ४७.६ ग्रॅम झाला आणि मूल्य १४.५ टक्के. म्हणजे साडेतीन गुणांच्या फरकातले दोन गुण चिकटपणाचे होते. दगड खरोखर कमी फुटला असेल तर तो उरलेल्या दीड गुणापुरताच. २२ टक्क्यांची सुधारणा ९ टक्क्यांवर आली.

हा दीड गुण तरी पक्का आहे का? त्यासाठी एक-एक नमुना पुरत नाही. समजा दोन्ही प्रकारच्या खडीचे पाच-पाच नमुने तपासले. साध्या खडीचे आकडे आले १५.१, १५.६, १६.०, १६.४ आणि १६.९, सरासरी १६. लेप दिलेल्या खडीचे आले १३.७, १४.२, १४.५, १४.८ आणि १५.३, सरासरी १४.५. लेपाचा सर्वांत मोठा आकडा साध्याच्या सर्वांत लहान आकड्याहून मोठा आहे, म्हणजे दोन्ही गट टोकाला एकमेकांवर चढतात. फरक आहे असे म्हणता येईल, पण तो लहान आहे. प्रत्येकी एकच नमुना घेतला असता आणि नेमके १५.१ व १५.३ हाती आले असते, तर निष्कर्ष उलटा लिहिला गेला असता.

उरलेला दीड गुण कशामुळे? प्लास्टिकचा थर मऊ असतो. खड्याचे टोक दुसऱ्या खड्यावर आदळते तेव्हा तो थर दबतो आणि ठोक्याचा जोर जरा पसरतो. टोके कमी तुटतात. हा उशीसारखा परिणाम आहे, दगड कठीण झाल्याचा नव्हे.

अ‍ॅब्रेजन टेस्टमध्ये वेगळे काय?

लॉस एंजेलिस यंत्रात खडी आणि पोलादी गोळे एकत्र फिरवतात. सातशे मिलिमीटर व्यासाचे पिंप मिनिटाला २० ते ३३ फेऱ्यांच्या वेगाने फिरते. आतली फळी खडी आणि गोळे वर उचलून खाली टाकते, त्यामुळे घासणे आणि आपटणे दोन्ही होते. ‘ब’ प्रतवारीत २० ते १२.५ मिलिमीटरची अडीच किलो आणि १२.५ ते १० मिलिमीटरची अडीच किलो, अशी पाच किलो खडी घेतात. सोबत ११ गोळे. पाचशे फेऱ्यांनंतर १.७० मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेला माल धुऊन, वाळवून त्याचे वजन करतात. पाच किलोतून जेवढे कमी झाले तेवढी झीज. बिटुमिनस काँक्रीटसाठी मर्यादा आहे ३० टक्के.

या रीतीतला ‘धुऊन, वाळवून’ हा भाग साध्या खडीसाठी निरुपद्रवी आहे. लेप दिलेल्या खडीत तिथेच गडबड होते. पिंपात सुटलेले प्लास्टिकचे पापुद्रे पाण्यावर तरंगतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. हिशेबात ती दगडाची झीज ठरते. उलट, जे प्लास्टिक खड्यांवर टिकून राहते ते न झिजलेला दगड म्हणून मोजले जाते. एक चूक आकडा वाढवते, दुसरी कमी करते.

प्लास्टिक ०.४ टक्केच असेल तर पाच किलोत ते फक्त २० ग्रॅम असते. सगळे वाहून गेले तरी झीज ०.४ गुणाने चुकते. पण कोणी ३ टक्के प्लास्टिक लावले असेल तर पाच किलोत जवळपास १४६ ग्रॅम प्लास्टिक येते आणि चूक तीन गुणांपर्यंत जाऊ शकते. उपाय साधा आहे. लेप देण्याआधी आणि दिल्यानंतर खडीचे वजन लिहून ठेवायचे, म्हणजे प्लास्टिक किती लागले ते कळते. धुताना पाणी बारीक कापडातून गाळायचे आणि अडकलेले पापुद्रे वाळवून वेगळे तोलायचे.

भट्टीचे तापमान का जपायचे?

नियमित चाचणीत खडी १०० ते ११० अंश सेल्सिअसला भट्टीत वाळवतात. दुधाच्या आणि किराण्याच्या पातळ पिशव्यांचे पॉलिथिन साधारण याच तापमानाला वितळू लागते. लेप दिलेली खडी तशी वाळवली तर थर पुन्हा मऊ होतो, खडे ट्रेला आणि एकमेकांना चिकटतात. चाचणीनंतर वाळवताना तर बारीक चुराही मोठ्या खड्यांना चिकटून बसतो आणि झीज कमी झाल्यासारखी दिसते.

म्हणून खडी नियमाप्रमाणे वाळवायची ती लेप देण्याआधी. लेप दिल्यावर ती हवेत थंड होऊ द्यायची आणि तशीच चाचणीला घ्यायची. धुतल्यानंतर मात्र ६० अंशांच्या आसपास, वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची. वेळ जास्त लागतो. हा बदल अहवालात लिहायचा आणि साधी खडीही त्याच पद्धतीने वाळवायची.

नमुने कसे तयार करायचे?

तुलनेत बदल एकच असावा, प्लास्टिकचा. बाकी सर्व सारखे हवे. सगळी खडी क्रशरच्या एकाच ढिगातली घ्या. ती नीट मिसळून ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग घ्या आणि पुन्हा तसेच करत आवश्यक तेवढी खडी वेगळी काढा. एका नमुन्यात चपटे खडे जास्त आले तर तो जास्त फुटतो आणि दोष किंवा श्रेय प्लास्टिकच्या नावावर जाते.

मग तीन गट करा. पहिला, साधी वाळवलेली खडी. दुसरा, प्लास्टिकविना १६० अंशांपर्यंत तापवून थंड केलेली खडी. तिसरा, तितकीच तापवून ०.४ टक्के प्लास्टिक लावलेली. बहुतेक प्रोजेक्टमध्ये दुसरा गट नसतो. तो नसला तर तापवल्याचा परिणाम आणि प्लास्टिकचा परिणाम वेगळे करता येत नाहीत.

प्लास्टिक स्वच्छ, कोरडे आणि २-३ मिलिमीटरच्या तुकड्यांत कापलेले घ्या. पीव्हीसी अजिबात नको. ते तापवल्यावर हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. शंका असेल तर तुकडा पाण्यात बुडवून हवेचे बुडबुडे झटका. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीव्हीसी बुडते. बुडालेले काहीही वापरायचे नाही. खडी १५० ते १७० अंशांदरम्यान असताना तुकडे टाकून अर्धा-पाऊण मिनिट हलवा. धूर येऊ लागला तर तापमान जास्त झाले आहे. तो नमुना बाद करा. काम हवेशीर जागीच करायचे.

खडी थंड झाली की चिकटलेले खडे हाताने सोडवा आणि पुन्हा १२.५ व १० मिलिमीटरच्या चाळण्यांतून चाळा. हे विसरले तर दोन लहान खड्यांचा जोड एक मोठा खडा म्हणून कपात जातो. इम्पॅक्ट टेस्टमध्ये मापात बसणाऱ्या खडीचे वजन नोंदवा. लेपामुळे खडे वेगळ्या दाटीने बसले असतील तर ते इथे दिसते.

कमकुवत खडी लेप देऊन चालवता येईल का?

हा प्रश्न फक्त गुणांपुरता नाही. समजा एखाद्या खाणीच्या खडीचे आघात मूल्य २६ आले, म्हणजे मर्यादेबाहेर. लेप दिल्यावर ते २३ दाखवते. आता ती खडी वरच्या थरात चालेल, असे म्हणणाऱ्याला प्रोजेक्टचा अहवाल आयता आधार ठरतो.

पण प्रयोगशाळेतली लेप दिलेली खडी आणि रस्त्यातली खडी एकाच अवस्थेत नसतात. प्रयोगशाळेत थर थंड होऊन घट्ट झालेला असतो. प्लांटमध्ये तो थंड होतच नाही. मऊ असतानाच त्यावर डांबर पडते आणि काही प्लास्टिक डांबरात मिसळते. पुढे रोलरखाली खडा फुटला तर नव्या उघड्या तोंडावर ना प्लास्टिक असते ना डांबर. पाणी तिथूनच शिरते. खडीची मर्यादा दगडासाठी आहे आणि ती साध्या दगडावरच तपासायला हवी. आपल्याकडचा दख्खनचा चांगला काळा बेसॉल्ट या कसोटीत लेपाविना सहज उतरतो. त्याला प्लास्टिकची गरज ताकदीसाठी नसते.

मग लेपाचा उपयोग कुठे तपासायचा?

पृष्ठभाग बदलला असेल तर पृष्ठभागाची चाचणी घ्यायला हवी. डांबर लावलेली खडी २४ तास ४० अंशांच्या पाण्यात ठेवून किती डांबर सुटले ते पाहणारी स्ट्रिपिंग टेस्ट बहुतेक कॉलेजांत होऊ शकते. खडीची पाणी शोषण्याची चाचणीही सोपी आहे. लेपाचा खरा दावा, म्हणजे पाणी आत न शिरणे आणि डांबर घट्ट धरणे, या दोन चाचण्यांत तपासला जातो. पूर्ण मिश्रणाची मार्शल टेस्ट त्यापुढची पायरी.

इम्पॅक्ट आणि अ‍ॅब्रेजन टेस्ट टाकून द्यायच्या असा याचा अर्थ नाही. त्यांचा निष्कर्ष मोजून-मापून लिहायचा. आपल्या उदाहरणाचा निष्कर्ष असा होईल : ‘खडीच्या वजनाच्या ०.४ टक्के पॉलिथिनचा लेप दिल्यावर आघात मूल्य १६ वरून १२.५ टक्के झाले. चिकटलेले कण सुटे केल्यावर ते १४.५ टक्के आले. प्रत्येकी पाच नमुन्यांत आकडे काही प्रमाणात एकमेकांवर चढतात. दगडाची मूळ ताकद वाढल्याचे यावरून सिद्ध होत नाही.’ तोंडी परीक्षेत परीक्षकाने ‘आकडा कमी का आला?’ असे विचारले, तर चाळणीवरचा गठ्ठा दाखवून उत्तर देता येईल.